‘रिपोर्ट क्लिअर आला, गोळी बंद करा’ असं सांगण्याआधी : फॅमिली डॉक्टर आणि औषध दुकानदारांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

मी फिजिशियन आहे. माझ्या ओपीडीत आठवड्याचा एक दिवस यकृताच्या रुग्णांसाठी ठेवलेला असतो. त्या दिवशी येणाऱ्यांपैकी बहुतेकांना पहिल्यांदा तुम्ही पाहिलेलं असतं. रक्तदान शिबिरात दोष निघाला म्हणून, गरोदरपणाच्या तपासणीत निघाला म्हणून किंवा नोकरीच्या मेडिकलमध्ये अडकला म्हणून माणूस आधी तुमच्याकडे येतो. तुम्ही त्याला माझ्याकडे पाठवता आणि गोळी सुरू झाली की तो पुन्हा तुमच्याकडेच जातो. रिपोर्ट तुम्हालाच दाखवतो, महिन्याची गोळी संपली की ओळखीच्या मेडिकलच्या काउंटरवरच विचारतो, ‘अजून किती दिवस घ्यायची हो?’ हिपॅटायटिस बी आणि सीच्या रुग्णांच्या त्या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी हे पत्र आहे.

सोलापूरकडच्या दोन सख्ख्या भावांपासून सुरुवात करतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघंही यंत्रमागावर काम करणारे. धाकट्याला हिपॅटायटिस सी होता. अनेक वर्षांपूर्वी अपघातानंतर त्याला रक्त चढवलं होतं, बहुधा तिथूनच आला असावा. थोरल्याला हिपॅटायटिस बी होता, आणि आई यकृताच्या आजारानं गेली होती, म्हणजे तो जन्मापासूनच असण्याची शक्यता जास्त. धाकट्याला सोफोसबुवीर आणि डॅक्लाटासवीर बारा आठवडे दिलं. गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवडे थांबून व्हायरल लोड केला, विषाणू सापडला नाही, आणि मी त्याला सांगितलं, ‘तू बरा झालास.’ थोरल्याला टेनोफोव्हीर ३०० मिलिग्रॅम रोज एक अशी सुरू केली. सुरुवातीला त्याचा व्हायरल लोड ३८ लाख होता, एसजीपीटी ९६, आणि फायब्रोस्कॅन १४ किलोपास्कल. म्हणजे यकृत सिरोसिसच्या उंबरठ्यापलीकडे गेलेलं. चौदाव्या महिन्यात त्याचा रिपोर्ट आला : ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’. एसजीपीटी २७.

घरात दोन रिपोर्ट, दोन्हींवर तीच ओळ. धाकट्याच्या गोळ्या बंद होऊन वर्ष झालेलं. थोरल्यानं जवळच्या एका डॉक्टरांना दोन्ही कागद दाखवले, आणि त्यांनी सरळ मनानं सांगितलं की विषाणू गेला, आता गोळीची गरज नाही. थोरल्याला ते पटलं. न पटण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पहिला महिना बरा गेला, दुसराही बरा गेला. त्या दरम्यान केलेली एसजीपीटी नॉर्मल आली, म्हणून खात्री आणखी वाढली. पाचव्या महिन्यात बायकोनं पाहिलं की डोळे पिवळे दिसताहेत. माझ्याकडे आला तेव्हा एसजीपीटी ११८०, बिलिरुबिन ९.६, आयएनआर २.१ आणि व्हायरल लोड एक कोटीच्या वर. पोटात पाणी झालं होतं. त्याच दिवशी टेनोफोव्हीर पुन्हा सुरू केलं. एकोणीस दिवस तो वॉर्डात होता. आयएनआर खाली यायला लागेपर्यंत प्रत्यारोपण केंद्राशी रोज फोन चालू होते.

त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. रिपोर्टवरचे शब्द खरंच एकसारखे होते. पण त्या शब्दांचा अर्थ दोन आजारांत दोन टोकांचा आहे, आणि तो का वेगळा आहे हे एकदा मनात बसलं की ही चूक पुन्हा होत नाही. म्हणून थोडं आत जातो.

दोन्ही औषधं विषाणूचं पॉलिमरेज बंद पाडतात. पॉलिमरेज म्हणजे विषाणूच्या जनुकीय साखळीची नक्कल करणारं एन्झाइम. टेनोफोव्हीर आणि सोफोसबुवीर दोन्ही त्या साखळीच्या कडीसारखी दिसणारी खोटी कडी पुरवतात. एन्झाइम ती कडी जोडतं आणि पुढची कडी जोडता न आल्यामुळे साखळी तिथंच थांबते. इथपर्यंत दोघांचं काम सारखंच. मग एक बरं करतं आणि दुसरं नुसतं दाबून का ठेवतं? उत्तर औषधात नाही. विषाणू पेशीत कुठं आणि कोणत्या रूपात राहतो, त्यात आहे.

हे मला थोरल्या भावानंच समजावून सांगायला शिकवलं. वॉर्डात असताना मी त्याला डीएनए, न्यूक्लियस वगैरे सांगत होतो आणि तो नुसता मान हलवत होता. मग मी विचारलं, चादरीवरचं डिझाइन कुठून येतं? तो म्हणाला, ‘जकार्डच्या कार्डावरून. भोकं पाडलेली कार्डं असतात, तीच लावायची, तेच डिझाइन पडतं. माग बंद ठेवला तरी कार्डं कपाटातच.’ मी म्हटलं, तुझा विषाणू असाच आहे. हिपॅटायटिस बी यकृताच्या पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथं आपल्या डीएनएची एक बंद गोल कडी करून ठेवतो. तिला सीसीसी डीएनए म्हणतात. ही झाली कपाटातली कार्डं. तिच्यावरून आरएनए काढण्याचं काम आपल्याच पेशीचं एन्झाइम करतं, विषाणूचं नाही. विषाणूचं पॉलिमरेज नंतर कामाला लागतं. त्या आरएनएवरून उलटा डीएनए विणून नवा विषाणू तयार करणं, एवढंच त्याचं काम. टेनोफोव्हीर आणि एन्टेकाव्हीर नेमकी ही विणाई थांबवतात. म्हणून रक्तातला डीएनए शून्यावर येतो. पण कपाटाला हातही लागत नाही.

याचा पुरावा रिपोर्टातच असतो. थोरल्याचा डीएनए सापडत नव्हता त्याच दिवशी त्याची एचबीएसएजी पॉझिटिव्ह होती. हे पृष्ठभागाचं प्रथिन कार्डांवरून निघालेल्या आरएनएवरून बनतं, त्याला विषाणूच्या पॉलिमरेजची गरजच नाही. शिवाय विषाणूच्या डीएनएचे काही तुकडे आपल्या गुणसूत्रांत कायमचे शिरलेले असतात, तेही हे प्रथिन बनवत राहतात. म्हणून ‘डीएनए निगेटिव्ह, एचबीएसएजी पॉझिटिव्ह’ असा रिपोर्ट दिसला तर त्याचा अर्थ एवढाच की गोळी काम करतेय. आजार गेलाय असं नाही.

हिपॅटायटिस सीकडे असं कपाटच नाही. तो आरएनएचा विषाणू. पेशीच्या केंद्रकात जात नाही, डीएनए कधी बनवत नाही, केंद्रकाबाहेर पेशीच्या द्रवात राहून आरएनएवरून आरएनएची नक्कल करत राहतो. मागावाल्याच्या भाषेत सांगायचं तर जुनी चादर समोर ठेवून नवी विणायची. विणाई काही आठवडे पूर्ण थांबवली की जुन्या चादरी विरून जातात, नव्या येत नाहीत आणि मग नक्कल करायला समोर काही उरतच नाही. म्हणूनच हिपॅटायटिस सीच्या बाबतीत ‘बरा झाला’ हा शब्द शब्दशः खरा आहे. औषध संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए सापडला नाही, तर तो पुन्हा उलटणं जवळपास होत नाहीच. आजच्या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णवहून जास्त लोक असे बरे होतात.

इथं दुकानदार मित्रांसाठी एक छोटी खूण. हिपॅटायटिस सीच्या औषधांच्या नावांची शेपटी वाचली की ते कुठं काम करतं ते कळतं. ‘बुवीर’ म्हणजे पॉलिमरेजवर, जसं सोफोसबुवीर. ‘आसवीर’ म्हणजे एनएसफाइव्हए नावाच्या प्रथिनावर, जसं डॅक्लाटासवीर, वेल्पाटासवीर, लेडिपासवीर. ‘प्रेवीर’ म्हणजे प्रोटिएजवर, जसं ग्लेकाप्रेवीर. प्रोटिएजचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. हिपॅटायटिस सी आपली सगळी प्रथिनं सुट्टी बनवत नाही. सुमारे तीन हजार अमिनो आम्लांचं एकच लांबलचक प्रथिन बनवतो आणि मग ते जागोजागी कापतो. बरीचशी कापणी त्याचं स्वतःचं प्रोटिएज करतं. ती कात्री अडकवली की पुढची यंत्रसामग्रीच तयार होत नाही. हिपॅटायटिस बीकडे अशी स्वतःची कात्री नाही, म्हणून बीसाठी प्रोटिएज अडवणारं औषधही नाही. कुणी बीच्या रुग्णाला ‘सीच्या त्या नव्या गोळ्या घेतल्या की तुझाही बरा होईल’ असं सांगत असेल, तर ते होणं शक्य नाही. हिपॅटायटिस सीच्या गोळ्या सीच्याच प्रथिनांना अडवतात; बीचं पॉलिमरेज वेगळं आहे, ते त्यांना अडवता येत नाही.

‘प्रेवीर’ शेपटीच्या औषधांबद्दल एक सावधगिरी अगदी महत्त्वाची आहे. ज्याच्या पोटात पाणी झालंय, रक्ताची उलटी झालीय किंवा जो भ्रमात जातो, म्हणजे ज्याचं यकृत आधीच थकलंय, त्याला ती द्यायची नाहीत. अशा यकृतात या औषधांची रक्तातली पातळी फार चढते आणि उरलंसुरलं यकृतही कोलमडू शकतं. त्याला सोफोसबुवीर-वेल्पाटासवीरच, आणि तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. आपल्याकडे २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळणाऱ्या नेहमीच्या कोर्समध्ये प्रेवीर नाहीच : सिरोसिस नसेल तर सोफोसबुवीर-डॅक्लाटासवीर, असेल तर सोफोसबुवीर-वेल्पाटासवीर. मात्र काउंटरवर आणखी दोन गोष्टी पाहा. वेल्पाटासवीर घेणारा माणूस सोबत पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची पट्टी मागत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण पोटातलं आम्ल कमी झालं की वेल्पाटासवीर नीट शोषलं जात नाही. आणि हृदयासाठी अमिओडॅरोन चालू असेल तर सोफोसबुवीर देऊच नका, नाडी धोकादायक मंद झाल्याची उदाहरणं आहेत.

आता मूळ प्रश्नावर. थोरल्याला गोळी बंद केल्यावर दोन महिने काहीच का झालं नाही? कारण हिपॅटायटिस बीचा विषाणू स्वतः पेशी मारत नाही. गोळी सुटली की आधी डीएनए वाढायला लागतो. एसजीपीटी तेव्हा नॉर्मलच असते. पुढे शरीराच्या रोगप्रतिकारक पेशींना ते लक्षात येतं आणि त्या विषाणू असलेल्या यकृतपेशींवर तुटून पडतात. तेव्हा एसजीपीटी उसळते. म्हणजे नुकसान दिसायला लागतं तोवर विषाणू बराच पुढे गेलेला असतो. गोळी बंद झालेल्या माणसाची नुसती एसजीपीटी पाहून ‘सगळं ठीक’ म्हणू नका. डीएनए पाहा, आणि पहिले सहा महिने दर महिन्याला पाहा. एन्टेकाव्हीर बंद केल्यावर तर ही उसळी टेनोफोव्हीरपेक्षा उशिरा येते, त्यामुळे फसगत जास्त होते. ज्याचं यकृत चांगलं आहे तो बहुधा या उसळीतून निभावतो. सिरोसिसवाल्याकडे निभावण्यापुरतं यकृत शिल्लक नसतं. म्हणून सिरोसिस असेल तर हिपॅटायटिस बीची गोळी आयुष्यभर, यात चर्चेला जागा नाही.

मग बंद कधी करायची? एचबीएसएजी स्वतः निगेटिव्ह झाली आणि काही महिन्यांनी पुन्हा केली तरी निगेटिव्ह राहिली, तर. याला आम्ही ‘फंक्शनल क्युअर’ म्हणतो. कपाटात एखादं कार्ड तेव्हाही असतंच, पण शरीर त्यावर पहारा ठेवतं. या गोळ्यांवर वर्षाला शंभरातला एखादाच तिथपर्यंत पोहोचतो, बऱ्याचदा तेवढाही नाही. दुसरी एक वाट आहे : सुरुवातीला ज्यांची एचबीईएजी पॉझिटिव्ह होती, ती जाऊन तिच्याविरुद्ध अँटिबॉडी आली, डीएनए सापडेनासा झाला, त्यानंतरही किमान वर्षभर गोळी घेतली आणि सिरोसिस नाही. त्यांची गोळी थांबवून पाहता येते, पण ठरलेल्या तारखांना तपासण्या होणार असतील तरच. हा निर्णय तुम्ही एकट्यानं घेऊ नये अशी विनंती आहे. एक फोन करा.

‘आयुष्यभर’ हा शब्द ऐकून रुग्णाचा चेहरा पडतो, हे मी रोज पाहतो. पण ही गोळी वाया जात नाही. डीएनए दाबलेला राहिला तर यकृतातले व्रण काही वर्षांत मागे हटतात, सिरोसिससुद्धा काहींत सौम्य होतो, आणि कॅन्सरचा धोका कमी होतो. शून्य मात्र होत नाही, म्हणून सिरोसिसवाल्याची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी व्हायलाच हवी. हिपॅटायटिस सीतून बरा झालेल्या सिरोसिसवाल्यालाही हाच नियम लागू आहे. विषाणू गेला तरी व्रण पडलेलं यकृत तेच असतं.

गोळी आयुष्यभर चालणार म्हणजे तिचे दुष्परिणामही वर्षानुवर्षं पाहायला हवेत. टेनोफोव्हीर डायसोप्रॉक्सिल काहींच्या मूत्रपिंडावर आणि हाडांवर परिणाम करतं. क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी नियमित करा. क्रिएटिनिन चढायला लागलं तर गोळी बंद करू नका, बदलून घ्या. टेनोफोव्हीर अलाफेनामाइड २५ मिलिग्रॅम किंवा एन्टेकाव्हीर असे पर्याय आहेत. एन्टेकाव्हीर उपाशीपोटी घ्यायचं असतं, हे पट्टी देताना सांगा. आणि जुन्या रुग्णांत कुणी अजून एकट्या लॅमिव्ह्युडिनवर असेल तर त्याला लगेच तज्ज्ञाकडे पाठवा. पाच वर्षांत शंभरातल्या सुमारे सत्तर जणांत विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. टेनोफोव्हीरच्या बाबतीत असं होताना जवळपास दिसत नाही. टेनोफोव्हीर सुरू करण्याआधी एचआयव्हीची तपासणी मात्र व्हायलाच हवी. एचआयव्ही असताना हे औषध एकटंच दिलं तर त्या विषाणूला आपण औषध ओळखायला शिकवतो.

उलट बाजूचीही एक चूक होते, आणि ती तितकीच जीवावर बेतू शकते. हिपॅटायटिस सीचा रुग्ण आला, आरएनए पॉझिटिव्ह, गोळ्या लिहिल्या. एचबीएसएजी मात्र केलीच नाही. एकाच माणसात दोन्ही विषाणू असतात तेव्हा बहुधा सी बीला दाबून ठेवतो. गोळ्यांनी सी झपाट्यानं गेला की बीवरचं ते दडपण उठतं आणि तो उसळतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०१६ मध्ये याबद्दल हिपॅटायटिस सीच्या या सर्व औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. तोवर त्यांच्याकडे अशा २४ रुग्णांची नोंद होती, त्यांत मृत्यूही होते. म्हणून सीची पहिली गोळी देण्याआधी एचबीएसएजी आणि अँटि-एचबीसी टोटल या दोन तपासण्या करा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बीचं औषध सोबत लागतं का ते तज्ज्ञाला ठरवू द्या. धाकट्या भावाच्या या दोन्ही तपासण्या आम्ही आधीच केल्या होत्या. निगेटिव्ह आल्यावर त्याला बीची लस दिली. एका घरात थोरल्याला बी असताना ते करणं भागच होतं.

धाकट्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. बरा झाल्यावर वर्षभरानं तो हर्नियाच्या ऑपरेशनसाठी एका रुग्णालयात गेला. तिथं अँटि-एचसीव्ही पॉझिटिव्ह आली आणि त्याला पुन्हा ‘काविळीचा पेशंट’ म्हणून बाजूला बसवलं. तो रडवेला होऊन माझ्याकडे आला. त्याला वाटलं आजार परतला. अँटिबॉडी म्हणजे आजार होऊन गेल्याची शरीरातली नोंद आहे, ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं, बहुधा कायम राहते. त्याच्यासाठी आरएनए हीच खरी तपासणी. ती केली, निगेटिव्ह आली. मात्र बरं झालेल्यालाही संरक्षण मिळत नाही. पुन्हा दूषित सुई लागली तर पुन्हा नव्यानं लागण होऊ शकते, आणि तेव्हाही आरएनएच करावं लागेल.

आता मागणी. चिठ्ठीवर औषधाच्या नावापुढे आपण ‘रोज एक’ लिहितो. त्याच्या खाली एक ओळ मराठीत लिहा, रुग्णाला वाचता येईल अशी. हिपॅटायटिस सीसाठी : ‘कोर्स बारा आठवडे, संपण्याची तारीख अमुक, त्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनए तपासणी.’ हिपॅटायटिस बीसाठी : ‘ही गोळी विषाणू दाबून ठेवते. रिपोर्ट चांगला आला तरी स्वतःहून बंद करू नये.’ दुकानदार मित्रांनो, टेनोफोव्हीर किंवा एन्टेकाव्हीरचं ठरलेलं गिऱ्हाईक महिना उलटून गेला तरी आलं नाही, तर फोन लावा. कधी पैसे नसतात, तेव्हा त्याला जिल्ह्यातल्या मोफत उपचार केंद्राचा पत्ता द्या. कधी माणूस दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेला असतो आणि गोळ्या घरी राहिलेल्या असतात. अशा रुग्णांना निघण्याआधीच हंगामभराच्या गोळ्यांची सोय करून देता येते का, ते केंद्राशी बोलून पाहा.

मीही माझ्या बाजूनं बदल केला आहे. थोरल्याच्या फाइलवर मी पूर्वी फक्त ‘डीएनए नॉट डिटेक्टेड’ असं लिहून सोडायचो. त्या कागदावर त्यापुढे काय करायचं याचा एक शब्द नव्हता, आणि तोच कागद घेऊन तो दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. आता त्या ओळीखाली लाल पेनानं लिहितो : ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह, सिरोसिस, गोळी चालू ठेवणे.’

गेल्या महिन्यात तो तपासणीला आला होता. पोटातलं पाणी गेलंय, बिलिरुबिन १.४, डीएनए पुन्हा सापडत नाही. मागावर अजून पूर्ण पाळी जमत नाही, म्हणून अर्धी पाळी करतो. रिपोर्टची घडी उलगडून त्यानं स्वतःच लाल ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, ‘कार्डं कपाटातच आहेत ना, डॉक्टर?’ मी हो म्हटलं, आणि पुढच्या तीन महिन्यांच्या गोळ्या लिहिल्या.

तुमचा,
यकृताच्या ओपीडीतला एक सहकारी